‘रविवारपण त्यालाच दिलास?’

तळजाईच्या टेकडीवरून उतरताना ओंकारने मृणालला हा प्रश्न विचारला आणि पुढची दहा मिनिटं तो एक शब्द बोलला नाही. सहा वर्षांची मैत्री. दर रविवारी सकाळी टेकडी, खाली उतरून पोहे आणि अमृततुल्यचा चहा, आठवडाभराच्या ऑफिसच्या कटकटी एकमेकांना ऐकवायच्या आणि मग आपापल्या घरी जायचं, हा त्यांचा नेम. दोन महिन्यांपूर्वी मृणालला एका डेटिंग अॅपवर केदार भेटला. पहिल्या भेटीची हकिकत ओंकारने हसत ऐकली. तिसऱ्या भेटीनंतर त्याने केदारच्या फोटोतल्या गॉगलची खिल्ली उडवली. पाचव्या भेटीनंतर ‘पोचलीस का घरी?’ हा त्याचा नेहमीचा मेसेज यायचा थांबला. आणि आता, पुढच्या रविवारी केदारबरोबर लोणावळ्याला जातेय असं तिने सांगितल्यावर, हा प्रश्न.

त्या रात्री मृणालने मैत्रिणीला फोन केला. मैत्रीण सगळं ऐकून म्हणाली, “अगं, त्यात न कळण्यासारखं काय आहे? तो तुझ्या प्रेमात आहे.”

मृणाल, ओंकार आणि केदार ही माणसं मी या लेखासाठी उभी केली आहेत. मैत्रिणीचं उत्तर मात्र मला रचावं लागलं नाही. ते हॉस्टेलच्या खोल्यांत आणि ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रोज ऐकू येतं, आणि इतक्या खात्रीने दिलं जातं की ऐकणाऱ्याला त्यावर शंका घ्यावीशीही वाटत नाही. त्या खात्रीमागे सिनेमाचा वाटा मोठा आहे. ‘जाने तू... या जाने ना’ (२००८) मधले जय आणि अदिती जिवलग मित्र असतात, आपल्यात ‘तसलं’ काही नाही असं त्यांना मनापासून वाटतं. जयच्या आयुष्यात मेघना येते, अदितीचं सुशांतशी लग्न ठरतं, आणि पोटात उठलेल्या कळेतून दोघांना आपलं प्रेम कळतं. ‘कुछ कुछ होता है’ (१९९८) मधल्या अंजलीलाही राहुल टीनाकडे ओढला जाताना दिसतो तेव्हाच स्वतःचं मन उमगतं. सिनेमाला मनातली गोष्ट थोड्या वेळात चेहऱ्यावर आणायची असते आणि मत्सर चेहऱ्यावर चटकन दिसतो. म्हणून पडद्यावर तो प्रेमाचा पुरावा होतो.

आयुष्यात तो तेवढा पुरावा ठरत नाही. मत्सर एवढंच सांगतो की या माणसाला काहीतरी हातचं जाईल अशी भीती वाटते आहे. नेमकं काय जाईल, हे तो सांगत नाही. ते वेगळं शोधावं लागतं, आणि थोडं लक्ष दिलं तर शोधता येतं.

मत्सर मुळात प्रेमिकांची भावनाच नाही, इथून सुरुवात करू. अमेरिकेत सिबिल हार्ट या मानसशास्त्रज्ञ सहा महिन्यांच्या बाळांबरोबर एक साधा प्रयोग करतात. आई बाळाकडे काही वेळ दुर्लक्ष करते. एकदा ती पुस्तक वाचत बसते, आणि एकदा हुबेहूब बाळासारख्या दिसणाऱ्या बाहुलीला मांडीवर घेऊन तिच्याशी लाडाने बोलते. दोन्ही वेळा दुर्लक्ष सारखंच. पण आईच्या मांडीवर दुसरं ‘बाळ’ दिसलं की ही बाळं जास्त अस्वस्थ होतात. बोलता येण्याच्या, चालता येण्याच्या कितीतरी आधी माणसाला हे कळतं की आपल्या जागी कुणीतरी आलंय. धाकट्या भावंडाच्या बारशाला कोपऱ्यात रुसून बसलेलं थोरलं मूल ज्याने पाहिलंय त्याला यासाठी प्रयोगाची गरज नाही. मत्सराला लागतात तीन जागा: मी, माझं माणूस, आणि मध्ये येणारं तिसरं कुणी. ‘माझं माणूस’ आई असू शकते, भाऊ असू शकतो, मैत्रीणही असू शकते.

आपल्या भाषेत या भावनांना वेगवेगळे शब्द आहेत, पण बोलताना आपण सगळ्यालाच ‘जळतोय’ म्हणतो आणि घोटाळा तिथेच होतो. हेवा म्हणजे तुझ्याकडे जे आहे ते माझ्याकडे नाही याचं दुःख. त्याला दोन माणसं पुरतात. मत्सराचा मूळ अर्थ दुसऱ्याचं बरं न बघवणं असा असला, तरी सवतीमत्सर म्हणतो तेव्हा आपल्याला त्या तीन जागाच अभिप्रेत असतात: आपली जागा दुसरं कुणी घेईल ही धास्ती. असूया आणखी वेगळी. संस्कृतात तिचा अर्थ समोरच्याच्या गुणातही दोष काढणं असा आहे. गॉगलची खिल्ली ही असूया झाली. जेरॉड पॅरट आणि रिचर्ड स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली हेवा आणि मत्सर यांचे अनुभव तपासून वेगळे केले, तेव्हा त्यांनाही हाच फरक सापडला. हेव्यामध्ये कमीपणाची भावना आणि हवेपणा असतो. मत्सरात गमावण्याची भीती, संशय आणि राग असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसू शकतात: तुटक उत्तरं, टोमणे, विषय बदलणं.

आता मैत्रीतल्या मत्सराकडे येऊ. या विषयावर बराच काळ संशोधन झालं ते शाळकरी मुलांवर, जणू मोठेपणी मित्रांवरून कुणी रुसतच नाही. जेमी क्रेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली मोठ्या माणसांच्या मैत्रीतल्या मत्सरावर अनेक प्रयोगांचा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातल्या दोन गोष्टी ओंकारला समजून घ्यायला उपयोगी पडतात. पहिली अशी की मैत्री जितकी मोलाची, तितका मत्सर तीव्र. म्हणजे तुमचा सर्वात जवळचा मित्र सर्वात जास्त अस्वस्थ होणार, आणि तो प्रेमात आहे म्हणूनच असं होईल असं नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मत्सर पेटतो तो वेळ कमी मिळाल्यामुळे तेवढा नाही, जेवढा ‘माझ्या जागी दुसरं कुणी आलं’ या जाणिवेने. मित्र ऑफिसच्या कामात बुडाला आणि महिनाभर भेटला नाही तर आपल्याला चुकल्यासारखं होतं. पण तोच मित्र आपली ठरलेली गोष्ट दुसऱ्याबरोबर करू लागला तर पोटात कालवतं, भले ती आठवड्यातून एकदाच असेना.

ओंकारचं वाक्य पुन्हा वाचा. ‘त्याला का भेटतेस’ असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, ‘रविवारपण’.

ही भीती पोकळ नसते, हेही सांगायला हवं. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी माणसाच्या आप्तांच्या वर्तुळांचा अभ्यास केला आहे. अडचणीत ज्यांच्याकडे धाव घ्यावी अशी माणसं बहुतेकांना साधारण पाचच असतात. मॅक्स बर्टन-शेल्यू यांच्यासह त्यांनी दाखवलं की आयुष्यात प्रेमाचं माणूस आलं की त्या आतल्या वर्तुळातून सरासरी दोन माणसं बाहेर जातात. नवा माणूस आत येतो आणि आधीचे दोघं बाहेर पडतात. कुणी ठरवून हे करत नाही. वेळ आणि मन दोन्ही मोजकं असतं, एवढंच कारण आहे. ओंकारला डनबार माहीत नसले तरी लग्न झालेल्या मित्रांचे फोन कसे आटले हे त्याने पाहिलेलं असतं. आपल्याकडे तर डेटिंग आणि स्थळ पाहणं यांतलं अंतर कधी सहा महिन्यांचं असतं. मैत्रिणीचा तिसरा-चौथा ‘कॉफीला भेटलो’ ऐकताना मित्राला पुढचं सगळं दिसू लागतं: साखरपुडा, बेंगळुरूला बदली, आणि वाढदिवसाला आलेला एक मेसेज.

आता थोडं गणित करू. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, ते कुठल्या पाहणीतले नाहीत. समजा शंभर जिवलग मित्र आहेत आणि त्यांच्यातल्या वीस जणांच्या मनात मैत्रीपलीकडचं काही आहे. मैत्रीण डेटवर जाऊ लागली की या वीसपैकी सोळा जणांचा मत्सर दिसून येतो. उरलेले ऐंशी नुसते मित्र, पण जागा जाईल ही भीती त्यांनाही आहे. त्यांच्यातल्या बत्तीस जणांचा मत्सर दिसतो, म्हणजे शंभरातल्या चाळिसांच्या प्रमाणात. प्रेमात असलेल्यांमध्ये मत्सराचं प्रमाण दुप्पट धरलं, तरी जळताना दिसणाऱ्या अठ्ठेचाळीस जणांपैकी प्रेमात असलेले फक्त सोळा निघाले, तिघांत एक. मृणालच्या मैत्रिणीचा अंदाज अशक्य नव्हता. पण नुसत्या मत्सरावरून तो बांधला तर तो बरोबर येण्यापेक्षा चुकण्याचीच शक्यता जास्त होती. आकडे बदलले तर उत्तर बदलेल. बदलत नाही ते एवढंच, की जी खूण दोन्ही गटांत सर्रास दिसते ती दोघांना वेगळं करू शकत नाही.

मग वेगळं काय करतं? माझ्या मते ‘किती जळतो’ हे मोजण्यात अर्थ नाही. ‘कशावरून जळतो आणि कशाने शांत होतो’ हे पाहावं.

मृणालने दुसऱ्या दिवशी तेच केलं. ती मागे जाऊन आठवू लागली. गेल्या वर्षी तिने सायली नावाच्या ऑफिसमधल्या मुलीबरोबर एका ट्रेकिंग ग्रुपमध्ये नाव घातलं होतं. तीन रविवार ओळीने ती हरिश्चंद्रगड, राजगड, तोरणा करत फिरली. त्या महिन्यातही ओंकार असाच तुटक झाला होता. ‘तुझी ती गडकरीण काय म्हणते?’ असं विचारायचा. तेव्हा मृणालला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण सायली मुलगी होती आणि मुलीवरून मुलगा जळतो असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. दुसरी आठवण त्याआधीची. केदारच्या आधी दीड महिना ती दुसऱ्या एका मुलाला भेटत होती, पण बुधवारी किंवा गुरुवारी, ऑफिस सुटल्यावर. त्या मुलाबद्दल ओंकारने चेष्टा केली, सल्ले दिले, आणि ते फिसकटल्यावर तिला घेऊन भेळ खायला गेला. त्या दीड महिन्यात ‘पोचलीस का’ एकदाही चुकलं नाही.

या दोन आठवणी शेजारी ठेवल्या की चित्र पालटतं. रविवार घेणारी मैत्रीण आली तेव्हा मत्सर होता. रविवारला हात न लावणारा, पण खरोखर ‘डेट’ असलेला मुलगा आला तेव्हा नव्हता. मत्सर प्रेमाच्या वाटेत येणाऱ्या माणसावर नव्हता, टेकडीच्या वाटेवर येणाऱ्या माणसावर होता. डेट नसलेलं तिसरं माणूस आलं तेव्हा मित्र कसा वागला, ही तुलना मला सगळ्यात कामाची वाटते. आणि नेमकी हीच कुणी करत नाही, कारण डेटिंग सुरू झालं की आपण फक्त डेटिंगपासूनचा इतिहास मोजतो.

तिने आणखी एक गोष्ट केली. लोणावळा शनिवारी हलवलं आणि रविवारी सकाळी साडेसहाला टेकडीच्या पायथ्याशी उभी राहिली. ओंकारची परीक्षा घ्यावी हा हेतू नव्हता. तिला स्वतःलाच तो रविवार हवा होता, हे तिला त्या आठवड्यात कळलं होतं. दोन-तीन रविवारांत ‘पोचलीस का’ परत सुरू झालं आणि एक दिवस पोहे खाताना ओंकार म्हणाला, “त्या गॉगलवाल्याला आण की एकदा टेकडीवर. चढतो का बघू.” जागा शाबूत आहे हे कळल्यावर विरघळणारा मत्सर हा जागेचा मत्सर असतो.

आता याच गोष्टीतले तपशील बदलून पाहू.

समजा सायलीच्या तीन रविवारांचं ओंकारला काहीच वाटलं नसतं. उलट ‘मजा कर, फोटो पाठव’ म्हणाला असता. आणि बुधवारी भेटणाऱ्या त्या आधीच्या मुलाच्या वेळी मात्र तो असाच गप्प झाला असता, रविवार पूर्ण त्याच्याकडे असूनही. समजा मृणालने रविवार परत दिल्यावरही त्याचा चेहरा उजळला नसता, कारण शनिवारी ती लोणावळ्याला होती हे त्याला टोचतच राहिलं असतं. समजा प्रत्येक मुलात त्याला वेगळा दोष दिसला असता: एक फार बोलतो, दुसरा बोलतच नाही, एक पैशाचा माज करतो, दुसऱ्याकडे पैसा नाही. दोष दर वेळी वेगळा आणि निकाल दर वेळी तोच असेल, तर त्या मुलांचा संबंध संपला. आणि समजा तिची हकिकत तो एकतर ऐकूच शकला नसता, किंवा एकाच गोष्टीभोवती घुटमळला असता: तुला तो खरंच आवडतो का, हात धरला का, पुढे काय म्हणाला. असं असतं तर मैत्रिणीचा अंदाज बराच बळकट झाला असता. मैत्रीतून प्रेम उगवणं दुर्मीळ नाही. डॅनू स्टिन्सन आणि सहकाऱ्यांनी कॅनडा-अमेरिकेतल्या सुमारे १,९०० लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा जोडप्यात असलेल्या किंवा राहून गेलेल्या दोन-तृतीयांश लोकांनी आपली सुरुवात मैत्रीतून झाल्याचं सांगितलं. त्यामुळे ‘मित्र आहे, म्हणजे तसं काही नसणारच’ हा निकालही घाईचा आहे.

तिसरी शक्यता हेव्याची. समजा ओंकारचं स्वतःचं चार महिन्यांपूर्वी तुटलं आहे, घरचे स्थळांचे फोटो पाठवून जीव नकोसा करताहेत, आणि अॅपवर त्याला कुणी उत्तर देत नाही. त्याला मृणाल नको आहे, तिचा रविवारही नको आहे. मृणालला जे सहज मिळालं ते आपल्याला का मिळू नये, हे त्याला खुपतं. याची खूण सोपी आहे. त्याच्या शाळेतल्या मित्राचं लग्न ठरल्याची बातमी आली तरी तो तसाच गप्प होतो. आणि स्वतःचं काही जुळू लागलं की त्याला अचानक केदार बरा वाटायला लागतो.

चौथी शक्यता सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. मित्राला त्या माणसात खरोखर काही खटकलेलं असतं. आधीच्या कुणाबद्दल तो असा बोलला नव्हता. या एकाच माणसाबद्दल बोलतो, आणि त्याची तक्रार नेमकी असते: ‘वेटरशी कसा बोलला बघितलंस?’ ‘तू कुठे आहेस हे तो तासातासाला का विचारतो?’ जो प्रत्येकात खोट काढतो त्याचं बोलणं त्याच्या मनाबद्दल सांगतं. जो एकाच माणसाबद्दल, एकच गोष्ट, उदाहरणासकट सांगतो, त्याचं बोलणं त्या माणसाबद्दल असू शकतं. ‘तू जळतोयस’ म्हणून ते झटकून टाकणं धोक्याचं आहे. म्हणून कुठलाही निष्कर्ष काढण्याआधी मित्र म्हणाला ते खरं आहे का, हे एकदा स्वतः तपासावं.

मैत्री दोन मुलींची किंवा दोन मुलांची असेल तेव्हा आपण नेमके उलट दिशेने चुकतो. मित्र मुलगा आणि आपण मुलगी असलो की मत्सरात प्रेमच दिसतं. दोन मैत्रिणी असल्या की प्रेम कधीच दिसत नाही, ‘खूप घट्ट मैत्री आहे ना, म्हणून वाईट वाटतंय’ असं म्हणून विषय संपतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण सगळ्या वेळा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, तरी घरात आणि मित्रमंडळींत ते बोलून दाखवणं सोपं झालेलं नाही. अशा माणसाला लपवायला सबळ कारण असतं, आणि त्याच्या मनातलं चुकून बाहेर आलं तर मोजावी लागणारी किंमतही मोठी असते. खुणा इथेही त्याच पाहायच्या, पण अंदाज स्वतःपाशी ठेवायचा. तिसऱ्याजवळ तो बोलून दाखवणं म्हणजे दुसऱ्याचं गुपित, तेही कदाचित चुकीचं, वाटून टाकणं आहे.

आणखी एक चूक आपल्या बाजूने होते. एप्रिल ब्लेस्की-रेचेक यांनी २०१२ साली ८८ मित्र-मैत्रिणींच्या जोड्यांना बोलावलं, प्रत्येक जोडीतल्या एक मुलगा आणि एक मुलगी अशा दोघांना वेगवेगळं बसवलं आणि आकर्षणाबद्दल विचारलं. जोडीतल्या एकाला जे वाटत होतं त्याचा दुसऱ्याचा अंदाज बहुधा चुकीचा निघाला, आणि चुकण्याचीही एक दिशा होती. मैत्रिणीला आपण आवडतो असं मुलगे वास्तवापेक्षा जास्त धरत होते, आणि मुली मित्राच्या मनातलं वास्तवापेक्षा कमी धरत होत्या. अभ्यास लहान आणि अमेरिकेतल्या तरुणांचा आहे, तो पुण्या-नाशिकला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी वर्षानुवर्षं रोज बोलणारी माणसंही एकमेकांच्या मनाबद्दल चुकतात, हे त्यात स्पष्ट दिसतं. ‘तो प्रेमात आहे का’ हा प्रश्न ज्याला वारंवार पडतो त्याने स्वतःला आधी विचारावं: उत्तर ‘हो’ आलं तर मला बरं वाटेल, की धडकी भरेल? बरं वाटणार असेल तर खुणांचा अर्थ आपण तिकडेच लावत असण्याची शक्यता आहे, आणि मग प्रश्न मित्राच्या मनाचा राहत नाही, आपल्या मनाचा होतो.

खुणा पाहून झाल्यावरही खात्री होत नाही तेव्हा विचारावंच लागतं. विचारताना लोक थेट शेवटच्या प्रश्नावर उडी मारतात: ‘तुला मी आवडते का?’ हा प्रश्न वाईट आहे. मित्राला स्वतःलाच उत्तर माहीत नसू शकतं. जागा जाण्याची भीती आणि प्रेम ही आतून अनुभवतानाही वेगळी ओळखू येतात असं नाही. आणि ‘नाही’ म्हटलं तर अपमान, ‘हो’ म्हटलं तर मैत्री जाईल, अशा कात्रीत तो सापडतो. मृणालने विचारलं ते असं. टेकडीवर, दोघंच असताना, चालता चालता, कारण शेजारी चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. ती म्हणाली, “ओंक्या, गेले तीन-चार आठवडे मी केदारचं नाव काढलं की तू गप्प होतोस. मेसेजपण बंद केलास. मला ते जाणवतं. काय होतंय?” यात आरोप नाही, निदान नाही. जे दिसलं ते सांगितलंय आणि पुढचं त्याच्यावर सोडलंय. ओंकार बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “काही नाही गं. समीरचं लग्न झाल्यावर काय झालं बघितलंस ना. तू पण तशीच जाशील असं वाटलं.” त्यावर तिने ‘नक्की एवढंच ना?’ असं पुन्हा खोदलं नाही. दिलेलं उत्तर तिने घेतलं.

उत्तर दुसरं आलं असतं तर काय म्हणायचं, हे तिने आधी ठरवून ठेवलं होतं, आणि विचारणाऱ्याने ते ठरवूनच विचारावं. तिच्या मनात तसं काही नव्हतं. त्यामुळे ‘आत्ता काही सांगता येत नाही’ असं गुळमुळीत बोलून ती त्याला लटकत ठेवणार नव्हती. ‘नाही’ हा शब्द उच्चारणार होती, आणि त्यानंतर काही महिने केदारच्या गोष्टी त्याला सांगणार नव्हती. ज्याच्या मनात आपल्याबद्दल प्रेम आहे त्यालाच आपल्या डेटची हकिकत ऐकवत राहणं हा छळ आहे, मग आपला हेतू कितीही मैत्रीचा असो. त्याने थोडं अंतर मागितलं असतं तर तेही तिला द्यावं लागलं असतं, रविवारसकट.

मत्सराची एक पायरी अशी आहे जिथे ‘प्रेम आहे की मैत्री’ हा प्रश्नच गैरलागू होतो. फोन हिसकावून चॅट वाचणं, डेटच्या ठिकाणी ‘सहज’ येऊन बसणं, त्या मुलाला परस्पर मेसेज करणं, ‘तू गेलीस तर मी जिवाचं काही करून घेईन’ म्हणणं. यामागे प्रेम असलं तरी वागणं बदलत नाही, आणि ‘बिचारा प्रेमात आहे’ या समजुतीने ते खपवून घेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. इथे मन ओळखायचं नसतं. असं वागणं लगेच थांबवायचं असतं, घरातल्या किंवा मित्रांतल्या कुणा मोठ्याला सांगायचं असतं. आणि जिवाची भाषा असेल तर ती खरी धरून त्याच्या घरच्यांना त्याच दिवशी कळवायचं असतं.

शेवटी एक विनंती. मित्राच्या मनात काय आहे हे कळावं म्हणून अनेक जण त्याला मुद्दाम जळवून बघतात. डेटचे फोटो स्टेटसला टाकायचे, नवं नाव चार वेळा घ्यायचं आणि त्याचा चेहरा न्याहाळायचा. यातून काहीही कळत नाही, कारण जागा जाण्याला घाबरलेला मित्रही जळेल आणि प्रेमात पडलेलाही जळेल. तुम्हाला दिसायचं ते दोघांच्या चेहऱ्यावर सारखंच दिसेल. त्याऐवजी एखाद्या रविवारी त्याच्याबरोबर चालायला जा, आणि त्याला काय होतंय ते विचारा.